तीन दिवसांच्या लग्नाची पत्रिका: बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी मजकूर कसा बसवला

लग्न कोल्हापूरला, मुलीकडचं. मुलगा पुण्याचा. कार्यक्रम तीन दिवसांचे: शुक्रवार ११ डिसेंबर २०२६ ला संध्याकाळी मेहंदी, शनिवारी सकाळी ग्रहमख आणि हळद, शनिवारी संध्याकाळी सीमांतपूजन, रविवारी १३ तारखेला सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा मुहूर्त. पत्रिका अडीचशे. त्यातली सुमारे सत्तर घरं मुंबई, नागपूर, इंदूर आणि बंगळुरूची. मजकूर लिहिण्याचं काम आमच्याकडे होतं. गावातल्या लग्नाच्या पत्रिका आम्ही याआधी लिहिल्या होत्या, पण बाहेरगावच्या पाहुण्याला पत्रिकेतून काही वेगळंच हवं असतं. गावातला माणूस मुहूर्त आणि कार्यालय एवढंच बघतो. बाहेरगावचा माणूस पत्रिका हातात घेऊन तिकीट काढायला बसतो. कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत आपल्याला बोलावलंय, रात्री कुठे उतरायचं, परतीची गाडी कितीची घ्यायची, हे त्याला मजकुरातून कळायला हवं. आणि हे सगळं हिशेबाच्या कागदासारखं न वाटता आमंत्रणासारखं वाटायला हवं.

सुरुवात मजकुरापासून नाही, तारखांपासून करावी लागली. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशेवीस दिवस असत. मुंबईहून गुरुवारी १० डिसेंबरला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघून शुक्रवारी सकाळी कोल्हापुरात उतरायचं, तर आरक्षण ११ ऑक्टोबरला सकाळी आठला उघडणार. नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने यायला एक पूर्ण दिवस जातो, म्हणजे तिथल्यांनाही गुरुवारीच निघायला हवं. छापील पत्रिका लग्नाआधी महिना-दीड महिना वाटायची आपली रीत. तोवर गाडीत प्रतीक्षायादी लागलेली असते.

म्हणून आधी पूर्वसूचना पाठवायची ठरली. त्यातही एक अडचण होती. यंदा अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आणि पितृपक्ष १० ऑक्टोबरपर्यंत. पितृपक्षात लग्नाचा मजकूर पाठवायला घरच्या वडीलधाऱ्यांची ना होती. घटस्थापनेला पाठवावा तर तोच दिवस ११ ऑक्टोबर, म्हणजे आरक्षण उघडण्याचा. तेव्हा सूचना अनंत चतुर्दशीच्या आत जायलाच हवी होती, आणि तेव्हा कार्यालय ठरलं असलं तरी मुहूर्ताचे मिनिट पक्के नव्हते. पूर्वसूचनेत मुहूर्त लिहिलाच नाही. मजकूर एवढाच:

«आमच्या ज्येष्ठ कन्येचा विवाह रविवार, १३ डिसेंबर २०२६ रोजी सकाळी कोल्हापूर येथे ठरला आहे. आपण शुक्रवार, ११ डिसेंबरच्या सकाळपासून आमच्याकडे यावे, ही इच्छा. त्यादृष्टीने ११ ते १३ डिसेंबर हे दिवस राखून ठेवावेत. सविस्तर निमंत्रण पाठवीतच आहोत.»

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते नसेल तर ज्येष्ठ मंडळी हेच आमंत्रण समजतात आणि फोनवरच्या एका संदेशावर लग्नाला बोलावलं म्हणून नाराज होतात. आणि हा संदेश ज्यांना तिन्ही दिवस बोलवायचं आहे त्यांनाच पाठवायचा. फक्त रविवारी यायच्या मंडळींना त्यातलं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य, बस्स.

मग मूळ पत्रिका. मराठी लग्नपत्रिकेचं मुख्य वाक्य एकच असतं आणि लांब असतं. कोणाची कन्या, कोणाचा पुत्र, कधी, कुठे, आणि शेवटी «करण्याचे योजिले आहे». हे वाक्य एका संस्कारासाठी बनलेलं आहे. त्यात मेहंदी, हळद आणि सीमांतपूजन कोंबलं की ते मोडतं. आमच्या पहिल्या खर्ड्यात असं झालं होतं: «यांचा हळदी समारंभ, सीमांतपूजन व शुभविवाह दि. १२ व १३ डिसेंबर रोजी ११ वाजून ४२ मिनिटांनी करण्याचे योजिले आहे.» यात समारंभ तीन, तारखा दोन, वेळ एकच, आणि ११.४२ नेमका कशाचा, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. इंदूरच्या कोणी याचा अर्थ हळद शनिवारी ११.४२ ला असा लावला असता तर त्याचं काहीच चुकलं नसतं.

तोडगा असा की मुख्य वाक्यात फक्त विवाह ठेवायचा आणि बाकीचे कार्यक्रम वेगळ्या कागदावर न्यायचे. मुख्य मजकूर अखेर असा झाला (नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत):

«॥ श्री गजानन प्रसन्न ॥   ॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

सप्रेम नमस्कार वि. वि.

आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. ……… हिचा शुभविवाह पुणे येथील सौ. व श्री. ……… यांचे कनिष्ठ चिरंजीव चि. ……… यांच्याशी रविवार, १३ डिसेंबर २०२६ (मार्गशीर्ष शुद्ध ……, शके १९४८) रोजी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांच्या शुभमुहूर्तावर कोल्हापूर येथे करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.»

यातल्या काही जागांवर बरीच चर्चा झाली. मुलगी «हिचा» आणि मुलगा «यांच्याशी» हे जुन्या वळणाचं आहे, कारण आपल्या लेकराला एकेरी आणि जावयाला आदरार्थी. काही घरांना ते आता खटकतं, तेव्हा दोघांनाही «यांचा» करावं. पण अर्धं इकडे अर्धं तिकडे करू नये. «दिनांक» आणि «रोजी» दोन्ही लिहिण्याची सवय सगळ्यांनाच आहे, पण त्यांतला एक शब्द पुरतो. «सहकुटुंब सहपरिवार» यातलं «सहपरिवार» आम्ही मुद्दाम काढलं. गावात त्या शब्दाचा अर्थ शोभेपुरता असतो. बाहेरगावी मात्र त्या एका शब्दावर चौघांची तिकिटं निघतात की नऊ जणांची, हे ठरतं. खोल्या चौदाच होत्या.

मितीचं काम गुरुजींवर सोपवलं, कारण दिवसाची तिथी सूर्योदयाला असेल ती धरतात आणि ती दिनदर्शिकेच्या चौकोनात घाईने बघून लिहिली की एका अंकाने चुकते. शके मात्र आपणच तपासावं. डिसेंबरपर्यंत इंग्रजी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो: २०२६ मधून ७८ गेले की १९४८. पण शक गुढीपाडव्याला बदलतो, त्यामुळे जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या लग्नाला ७९ वजा करावे लागतात. हेच लग्न जानेवारी २०२७ मध्ये असतं तरी शके १९४८ च राहिलं असतं, आणि छापखान्यात हमखास १९४९ पडलं असतं. आणखी एक. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच, पण आपला मार्गशीर्ष वद्य म्हणजे उत्तरेत पौष कृष्ण. लग्न वद्य पक्षात असेल आणि पाहुणे इंदूर-दिल्लीकडचे असतील, तर मिती कंसात आणि इंग्रजी तारीख ठळक, हा क्रम उलटा करू नये.

मुहूर्ताचे मिनिट छापल्यावर पाहुणा त्या मिनिटाला दारात येतो. गावातल्यांना मंगलाष्टकं सुरू असताना आत शिरायची सवय असते. प्रवास करून आलेल्याला अक्षता हुकल्या तर खरंच वाईट वाटतं. म्हणून मुख्य वाक्याखाली एक छोटी ओळ घातली: «कृपया सकाळी ११ पर्यंत कार्यालयात यावे.» ही ओळ मुख्य वाक्यात घालू नये, मुहूर्ताला लागून दुसरी वेळ आली की गोंधळ होतो.

आता आतला कागद. अडीचशे पत्रिकांपैकी सर्वांना सगळ्या कार्यक्रमांना बोलवायचं नव्हतं, म्हणून तो पत्रिकेला न चिकटवता सुटा ठेवला आणि ऐंशी प्रती काढल्या. सत्तर घरांच्या, दहा वर. छापखान्यात कागद घालण्याचं काम दिलं तर तो सगळ्या पाकिटांत जातो, तेव्हा हे काम घरीच करावं. ज्या पाकिटात सुटा कागद जाईल त्याच्या मागच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने एक टिंब काढलं. हळदीकुंकवाची बोटं लावायला पत्रिका फिरतात तेव्हा पाकिटं अदलाबदल होतात, हे टिंब तिथे कामी येतं.

कागदावरचा मजकूर:

«आपण आमच्यासोबत असावे असे कार्यक्रम

शुक्रवार, ११ डिसेंबर: सायंकाळी ५ पासून मेहंदी, रात्री ८ वाजता भोजन (निवासस्थानी)
शनिवार, १२ डिसेंबर: सकाळी ८ वाजता ग्रहमख व देवक, सकाळी ११ वाजता हळद, दुपारी १ वाजता भोजन (कार्यालयात). सायंकाळी ६.३० वाजता सीमांतपूजन, म्हणजे वऱ्हाडाचे स्वागत, रात्री ८ वाजता भोजन (कार्यालयात)
रविवार, १३ डिसेंबर: सकाळी ११.४२ वाजता विवाह, दुपारी १२.३० ते ३ भोजन (कार्यालयात)

निवासाची सोय शुक्रवारी सकाळी ७ पासून रविवारी सकाळी १० पर्यंत केली आहे. रविवारी सामान ठेवण्याची सोय सायंकाळी ७ पर्यंत आहे. पाठवणीनंतर निघता यावे म्हणून परतीची गाडी रविवारी सायंकाळी ६ नंतरची घ्यावी.»

प्रत्येक ओळीत वार आधी आणि तारीख नंतर. पाहुण्यांच्या डोक्यात «शनिवारची हळद» असं बसतं, «१२ तारखेची» असं नाही. वार आणि तारीख जुळतात का हे दिनदर्शिकेवर बोट ठेवून दोघांनी वेगवेगळं तपासलं, कारण अशा कागदावर सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सकाळ, दुपार, सायंकाळ, रात्र हे शब्द प्रत्येक वेळेपुढे लिहिले. «१२.३०» एकटंच लिहिलं की त्याची मध्यरात्र करणारा एक तरी निघतोच.

«सीमांतपूजन, म्हणजे वऱ्हाडाचे स्वागत» हे स्पष्टीकरण बंगळुरूच्या अमराठी मित्रमंडळींसाठी घातलं होतं, पण त्याचा उपयोग मराठी तरुणांनाही तितकाच झाला. बरेच जण त्याला «श्रीमंतपूजन» म्हणतात आणि काहीतरी आहेराचा प्रकार समजतात. सीमेवर, म्हणजे गावाच्या वेशीवर, वरपक्षाचं स्वागत करायची ही रीत. त्यामुळे मुलीकडच्या पाहुण्यांनी तिथे आधी हजर असावं लागतं, वऱ्हाड नंतर येतं. हे लक्षात घेऊन मुलीकडच्या कागदावर ६.३० आणि मुलाकडच्यांना ७, असं दोन्ही घरांनी बोलून ठरवलं. दोन्ही पत्रिकांवर एकच वेळ असती तर यजमान आणि पाहुणे एकदमच दारात आले असते.

निवासाच्या ओळीची सर्वांत जास्त दुरुस्ती झाली. पहिल्या खर्ड्यात नुसतं «निवासाची सोय केली आहे» होतं. मुंबईची गाडी सकाळी सातच्या सुमारास येते आणि हॉटेलात खोली मिळते दुपारी बाराला. म्हणजे पाच तास सामानासकट पाहुणे कुठे बसणार? वाक्यात «सकाळी ७ पासून» लिहायचं ठरवलं, तेव्हा चौदापैकी सहा खोल्या गुरुवार रात्रीपासून घ्याव्या लागल्या. असं मजकुराचं वाक्य खर्च वाढवतं, म्हणून यजमानांनी आकडा मान्य केल्याशिवाय वेळ छापायची नाही. परतीच्या बाजूला उलट: सगळ्या खोल्या संध्याकाळपर्यंत ठेवणं महाग होतं, म्हणून तीनच ठेवल्या आणि «निवास» न लिहिता «सामान ठेवण्याची सोय» लिहिलं. शब्द बदलला की अपेक्षा बदलते.

«परतीची गाडी सायंकाळी ६ नंतरची घ्यावी» ही ओळ आधी यजमानांना उद्धट वाटली. पाहुण्याला केव्हा जायचं ते सांगायचं म्हणजे काय! पण ती नसली की निम्मे लोक दुपारी तीनची गाडी घेतात आणि जेवणाच्या पहिल्या पंगतीसाठी धावपळ होते. शेवटी «पाठवणीनंतर निघता यावे म्हणून» एवढे चार शब्द पुढे जोडले आणि तक्रार मिटली.

तिकीट न मिळाल्याची चिंता सर्वांत जास्त मुंबई-पुण्याच्या लोकांना होती. त्यांच्यासाठी कागदाच्या पाठीवर एक ओळ: «कोल्हापूरचे आरक्षण न मिळाल्यास मिरजेपर्यंत यावे. मिरज ते कोल्हापूर साधारण ५० कि.मी. असून गाडी पाठवण्याची व्यवस्था आहे.» मिरज मोठं जंक्शन असल्यामुळे तिथे जास्त गाड्या येतात. मात्र «गाडी पाठवू» हे छापल्यावर गाडी पाठवावी लागते. म्हणून त्याखाली «येण्याची वेळ दोन दिवस आधी कळवावी» हेही हवं.

उत्तर मागण्याची आपल्याकडे रीत नाही. «येणार का ते कळवा» असं छापलं की ते निमंत्रणापेक्षा नोटीस वाटतं, आणि मोठी माणसं उत्तर देतच नाहीत. येणार हे गृहीत धरून फक्त तपशील विचारला की उत्तरं येतात. «आपण किती जण, कोणत्या दिवशी व कोणत्या गाडीने पोहोचणार, हे १५ नोव्हेंबरपर्यंत कळवावे, म्हणजे स्टेशनवर घ्यायला येता येईल.» यात मागणी आहे, पण ती पाहुण्याच्या सोयीची म्हणून येते. त्याखाली दोन फोन क्रमांक: एक प्रवास आणि निवासासाठी, एक कार्यालयाच्या पत्त्यासाठी. वधूच्या वडिलांचा क्रमांक तिथे नको. शनिवारी सकाळी ते आणि आई ग्रहमखाला पाटावर बसलेले असतात, रविवारी सकाळी पुन्हा विधीत. नेमक्या त्याच वेळी स्टेशनवरून फोन येतात. चुलत भाऊ किंवा मामा, पण पूजेत न बसणारा, असा माणूस नेमावा आणि त्याच्या नावापुढे त्याचं काम लिहावं.

आहेराबद्दल नेहमीची ओळ असते, «आपली उपस्थिती हाच आमचा आहेर». ती गोड आहे म्हणूनच कोणी मनावर घेत नाही आणि नागपूरहून लोक पितळी समई घेऊन येतात. बॅगा सांभाळून येणाऱ्यांना स्पष्ट सांगितलेलं बरं: «आहेर देण्या-घेण्याचे योजिलेले नाही.» याच्याशेजारी «आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!» ही लहान मुलांची ओळ मूळ पत्रिकेवर राहू दिली. ती काढायचा प्रस्ताव आला होता, पण घरातल्या सहा वर्षांच्या माणसाने तो फेटाळला.

पुण्यातला स्वागत समारंभ मंगळवारी १५ तारखेला होता. तो मुलीकडच्या पत्रिकेत घालायचा का, यावर बराच वेळ गेला. निमंत्रण देणाऱ्याचंच असतं. पुण्याच्या समारंभाचे यजमान मुलाकडचे, मग मुलीकडच्या पत्रिकेतून तिथे कोणाला बोलावणं गैर. ज्यांना दोन्हीकडे बोलवायचं होतं त्यांची यादी मुलाकडच्यांना दिली आणि त्यांची पत्रिका वेगळी गेली. दोन्ही घरांची एकच पत्रिका काढली असेल तर प्रत्येक कार्यक्रमाखाली «निमंत्रक» म्हणून त्या त्या यजमानांची नावं हवीत, नाहीतर उत्तरं चुकीच्या घरी जातात.

छपाईच्या वेळी मजकूर फोनवरून युनिकोडमध्ये पाठवला होता. बऱ्याच छापखान्यांत अजून जुन्या फाँटांत जुळणी होते, त्यामुळे मजकूर तिथे पुन्हा टाइप होतो किंवा रूपांतरित होतो, आणि रफार, जोडाक्षरं, ऱ्ह-ऱ्य यांची वाट लागते. «वऱ्हाडाचे» मधला चंद्रकोरीसारखा र गायब झाला होता. म्हणून आपला मूळ मजकूर वाचून समाधान मानू नये; छापखान्याने काढलेलं प्रूफ कागदावर घेऊन वाचावं, आणि तेही शेवटच्या ओळीपासून वर. वरून वाचताना डोळा सवयीने पुढे सरकतो. आम्हाला सापडलेल्या चुका: «शुभाशिर्वाद» (शी दीर्घ हवी), «चि. सौ. का.» (कां वर अनुस्वार हवा, तो सौभाग्यकांक्षिणीतला आहे), आणि एका जागी ११.४२ चं ११.२४. शेवटची चूक शुद्धलेखन तपासणाऱ्याला दिसलीच नाही, कारण अंकात शुद्धलेखन नसतं. अंक वेगळ्या फेरीत, मोठ्याने वाचून तपासावेत.

कार्यालयाच्या नकाशाचा क्यूआर कोड सोनेरी फॉइलमध्ये छापायची कल्पना होती. फॉइल चमकतं आणि फोनचा कॅमेरा तो वाचत नाही. काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर, किमान दोन सेंटिमीटरचा चौकोन ठेवला आणि प्रूफवरूनच तीन वेगळ्या फोनांनी उघडून पाहिला. त्यातला एक फोन आजीचा होता. तिच्या फोनवर नकाशा उघडला तेव्हाच प्रूफवर सही केली.